शेळ्या किती ठेवाव्यात? हिशोब उन्हाळ्याचा करा

गेल्या काही वर्षांत आपल्यापैकी बऱ्याच व्यापारी आणि कारागीर बंधूंनी शेळीपालनात पैसा घातला आहे. कुणी गावाकडच्या भावाबरोबर भागीदारी केली, कुणी यंत्रमाग विकून आलेल्या रकमेतून शेड बांधली. शेडचा खर्च, शेळीची किंमत, औषधपाणी आणि गड्याचा पगार यांचा हिशोब सगळे करतात. आपल्या जमिनीवर बारा महिने किती शेळ्यांचे पोट भरेल, हा हिशोब मात्र फार थोडे करतात, आणि जे करतात त्यांतले निम्मे तो चुकीचा करतात. मी त्या निम्म्यांत होतो, म्हणून हा लेख लिहीत आहे.

माझा धंदा सोलापुरात टॉवेल आणि चादरीचा. माझ्या बहिणीची शहरापासून तासाभराच्या अंतरावर सहा एकर जमीन आहे. त्यात चार एकर माळरान, एक एकर जिरायती म्हणजे शाळूची ज्वारी, आणि एक एकर विहिरीखालचे बागायत. भाच्याने त्या बागायतीत आदल्या वर्षीच २५ गुंठे संकरित नेपिअर गवत आणि १५ गुंठे लसूणघास लावली होती. २०२१ च्या जून महिन्यात तो दुकानावर आला आणि म्हणाला, "मामू, चारा तयार आहे. तुम्ही रक्कम घाला, मी राबतो."

त्याने हिशोबही करून आणला होता. नेपिअर एकरी वर्षाला ६० टन निघते असे त्याने एका माहितीपत्रकात वाचले होते. ६० टनांना ३६५ दिवसांनी भागले की रोजचे १६४ किलो. एका शेळीला रोज पाच किलो हिरवा चारा धरला की ३२ शेळ्या. माळरान आणि कडबा वेगळाच. आपण सावध माणसे, म्हणून ३२ ऐवजी २५ शेळ्या घ्यायचे ठरले. जुलैमध्ये २५ उस्मानाबादी शेळ्या आणि एक बोकड आला.

पाऊस चांगला झाला. माळ हिरवा झाला, नेपिअर पुरुषभर वाढले आणि पावसाळा मजेत गेला. नोव्हेंबरपासून पिल्ले होऊ लागली तेव्हा आम्ही पेढे वाटले. फेब्रुवारीत नेपिअरची वाढ मंदावली. मार्चमध्ये विहिरीचे पाणी खाली गेले आणि दिवसाआड तासभर मोटर चालू लागली. एप्रिलमध्ये कडबा विकत घ्यावा लागला, आणि तोही सुगीत ज्या भावाने मिळाला असता त्याच्या जवळजवळ दुप्पट भावाने. मे महिन्यात शेळ्यांच्या पाठीचा कणा हाताला लागू लागला, दूध आटले, काही पिल्ले गेली. शेवटी पडत्या भावात शेळ्या विकाव्या लागल्या. पहिला पाऊस पडला तेव्हा ११ शेळ्या उरल्या होत्या. दुष्काळ नव्हता, रोग नव्हता, चोरी नव्हती. हिशोबच चुकला होता.

चूक कुठे झाली

शेजारच्या वस्तीवरील एक वयस्क धनगर, ज्यांना सगळे आबा म्हणतात, त्या वेळी एकच वाक्य बोलले. "जनावरं जेठात मोजायची, श्रावणात न्हाई." त्या वाक्यात आमच्या चुका आल्या होत्या. त्या तीन होत्या.

पहिली चूक उत्पन्नाची. माहितीपत्रकातील ६० टन हे बारमाही पाणी, भरपूर खत आणि वेळेवर कापणी यांचे उत्पन्न होते. आमची विहीर बारमाही नाही. त्यातही साठ टन नेपिअरचे, पण आमच्या एकरात १५ गुंठे लसूणघास होती, जिचे उत्पन्न कमी असते.

दुसरी चूक खाणाऱ्यांची. आम्ही फक्त २५ शेळ्या मोजल्या, त्यांची पिल्ले मोजली नाहीत. पहिला पावसाळा नेमका यामुळेच भागला, कारण तेव्हा पिल्ले नव्हती.

तिसरी आणि सर्वांत मोठी चूक सरासरीची. वर्षाच्या चाऱ्याला ३६५ ने भागले की रोजचा आकडा येतो, पण शेळी सरासरी खात नाही, ती आजच्या दिवशी खाते. ऑगस्टमध्ये उरलेले गवत साठवले नाही तर ते मे महिन्यात उपयोगी पडत नाही. दिवाळीत खपणाऱ्या मालावर वर्षभराचे भाडे ठरवणारा दुकानदार जसा शिमग्याला अडचणीत येतो, तसेच आमचे झाले.

पुढच्या वर्षी भाच्याने वही घातली आणि प्रत्येक गोष्ट मोजली. तो हिशोब मी पायरीपायरीने देतो. आकडे आमच्या जमिनीचे आहेत, वाचकांनी आपल्या जमिनीचे काढावेत. रीत तीच राहील.

पायरी पहिली : सर्व चारा कोरड्या वजनात आणा

सुताच्या व्यापारात आपल्याला ठाऊक आहे की ओलसर सूत वजनाला जास्त भरते आणि हुशार गिऱ्हाईक ओल वजा करून पैसे देतो. चाऱ्याचेही असेच आहे. एक किलो हिरवे नेपिअर किंवा लसूणघास कापून कडक उन्हात पूर्ण वाळवली तर साधारण २०० ग्रॅम उरते, बाकी पाणी. एक किलो वाळलेल्या कडब्यात मात्र सुमारे ९०० ग्रॅम माल असतो. म्हणून हिरव्या चाऱ्याचे किलो आणि कडब्याचे किलो एका बेरजेत घेता येत नाहीत. हिरव्याचा पाचवा हिस्सा आणि कडब्याचे दहात नऊ हिस्से असे धरून सगळे कोरड्या वजनात आणावे.

पायरी दुसरी : एका शेळीचा खर्च

शेळी रोज आपल्या वजनाच्या तीन ते चार टक्के कोरडा चारा खाते. ३० किलोच्या शेळीला वरचा आकडा धरून रोज १.२ किलो लागतो. तिची वर्षाकाठी विक्रीला येणारी दोन पिल्ले धरा. पिल्लू दूध सोडल्यापासून आठ महिन्यांचे होईपर्यंत सुमारे ९० ते १०० किलो कोरडा चारा खाते. दोन पिल्लांचे वर्षभरावर वाटले तर रोज अर्धा किलो पडतो. बोकडाचा वाटा आणखी १०० ग्रॅम. म्हणजे पिल्लांसकट एका शेळीमागे रोज १.८ किलो. चार महिन्यांच्या हंगामाला हे २१६ किलो होतात. हा आकडा लक्षात ठेवावा, पुढे सगळीकडे तोच लागेल.

पायरी तिसरी : माळरानाचे माप

माळाचे उत्पन्न डोळ्याने कधीच कळत नाही. त्यासाठी लोखंडी सळईची एक मीटर लांब, एक मीटर रुंद अशी चौकट करावी. माप दुकानातल्या मीटरपट्टीने घेतले तरी चालते. सप्टेंबरच्या अखेरीस, गवत पूर्ण वाढल्यावर, माळावर दहा ठिकाणी ही चौकट टाकावी. चांगल्या जागा निवडून टाकू नये. चालत जाऊन ठरावीक पावलांवर टाकावी, मग खाली खडक येवो की गवत. चौकटीतील गवत जमिनीपासून दोन बोटे वर कापावे, काटेरी आणि न खाल्ले जाणारे बाजूला काढावे, उरलेले वाळवून तोलावे आणि दहांची सरासरी घ्यावी.

एका एकरात चार हजारांहून थोडे अधिक चौरस मीटर असतात. म्हणून चौकटीत जितके ग्रॅम निघतील त्याच्या चौपट किलो एकरी उत्पन्न समजावे. आमची सरासरी १२० ग्रॅम आली, म्हणजे एकरी ४८० किलो आणि चार एकरांचे १,९२० किलो.

हे सगळे शेळ्यांचे नाही. यातले निम्मे जमिनीवर राहिले पाहिजे. गवताची मुळे, पडणारे बी आणि जमिनीतील ओल त्या निम्म्यावर टिकते. ते खाऊ घातले तर पुढच्या वर्षी मारवेल आणि पवन्या ही चांगली गवते कमी होतात, कुसळी माजते आणि मधली जमीन उघडी पडते. माळावर जास्त भार पडत असल्याची हीच पहिली खूण आहे, ती शेळीच्या अंगावर दिसण्याआधी जमिनीवर दिसते. म्हणून आमच्या वाट्याला ९६० किलो आले. त्यातले ६४० पावसाळ्यात, ३२० हिवाळ्यात, आणि उन्हाळ्यात शून्य. बांधावरची बोरी आणि मे महिन्यात पडणाऱ्या बाभळीच्या शेंगा आम्ही जमेस धरल्या नाहीत. मिळाल्या तर वरकड समजाव्यात.

पायरी चौथी : बागायत आणि कडबा

बागायतीचा आकडा कापणीगणिक काढावा. दर कापणीला ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद, म्हणजे एक गुंठा, मोजून कापावा आणि तोलावा. आमच्या वहीप्रमाणे, गव्हाणीत तुडवली जाणारी नासाडी वजा करून, एका एकराने पावसाळ्याच्या चार महिन्यांत १६ टन, हिवाळ्याच्या चार महिन्यांत ११ टन आणि उन्हाळ्याच्या चार महिन्यांत ५ टन हिरवा चारा दिला. उन्हाळ्यात पाणी फक्त १५ गुंठ्यांना पुरले, म्हणून तो आकडा इतका पडला. पाचवा हिस्सा काढला की कोरडे वजन ३,२०० किलो, २,२०० किलो आणि १,००० किलो.

ज्वारीच्या एका एकरात ७०० पेंढ्या कडबा झाला, पेंढी सरासरी दोन किलोची. म्हणजे १,४०० किलो, कोरडे वजन १,२६०. अख्खी पेंढी शेळीपुढे टाकली तर ती पाने खाते आणि ताटे टाकून देते, निम्मा कडबा वाया जातो. कुट्टी करून दिला तर साधारण पाचवा हिस्सा जातो. म्हणून कुट्टी धरून १,००० किलो. ज्वारी फेब्रुवारीत निघत असल्याने हा सगळा कडबा उन्हाळ्याचा.

पायरी पाचवी : हंगामवार भागाकार

पावसाळा, जुलै ते ऑक्टोबर : माळ ६४० आणि बागायत ३,२००, एकूण ३,८४० किलो. २१६ ने भागले की १७ शेळ्या.

हिवाळा, नोव्हेंबर ते फेब्रुवारी : माळ ३२० आणि बागायत २,२००, एकूण २,५२० किलो. म्हणजे ११ शेळ्या.

उन्हाळा, मार्च ते जून : बागायत १,००० आणि कडबा १,०००, एकूण २,००० किलो. म्हणजे ९ शेळ्या.

वर्षाची बेरीज ८,३६० किलो होते आणि सरासरीने १२ शेळ्या बसतात असे दिसते. पण काहीही साठवले नाही तर ही जमीन फक्त ९ शेळ्यांची आहे. आम्ही २५ आणल्या होत्या. पहिल्या उन्हाळ्यानंतर ११ उरल्या, म्हणजे जमिनीने स्वतःच आपला आकडा जवळपास सांगितला होता, फक्त तो सांगताना आमचे पैसे घेतले.

ज्यांना म्हैस ठेवायची आहे त्यांनीही हेच गणित करावे. मोठी म्हैस रोज सुमारे १२ किलो कोरडा चारा खाते, म्हणजे उन्हाळ्याचे चार महिने जवळजवळ १,४५० किलो. याच सहा एकरांवर उन्हाळ्यात एक म्हैस पोसली जाते, दुसरी पोसली जात नाही.

नऊच्या बारा कशा होतील

पावसाळ्यातला जास्तीचा माल उन्हाळ्यात नेता आला तर आकडा वाढतो. त्याची रीत म्हणजे मुरघास. बारा शेळ्या ठेवल्या तर प्रत्येक हंगामाला २,५९२ किलो लागतात. पावसाळ्यात १,२४८ किलो उरतात, हिवाळ्यात ७२ आणि उन्हाळ्यात ५९२ कमी पडतात, म्हणजे तूट ६६४ किलोंची. मुरघासात पाचवा हिस्सा तरी घटतो, म्हणून ६६४ हाती येण्यासाठी ८३० किलो, म्हणजे सव्वाचार टनांच्या आसपास हिरवे नेपिअर दाबून ठेवावे लागते. तेरावी शेळी आणली की तूट १,०९६ किलोंवर जाते आणि पावसाळ्याची शिल्लक, घट सोडूनही, १,०३२ वर येते. तिथे हिशोब बसत नाही. बारा ही आमच्या जमिनीची शेवटची हद्द आहे.

नेपिअरच्या मुरघासात एक अडचण आहे. पावसाळी नेपिअर फार ओले असते आणि तसेच दाबले तर सडते. कापून अर्धा दिवस सुकवावे, मग इंचभर कुट्टी करावी, थोडे गुळाचे पाणी शिंपडावे आणि पिशवीत हवा राहणार नाही असे तुडवून तोंड बंद करावे. दीड महिन्यानंतर पिशवी उघडली तर आंबूस गोड वास आणि पिवळसर हिरवा रंग पाहिजे. काळा रंग, बुरशी किंवा कुबट वास आला तर तो माल उकिरड्यावर टाकावा, शेळीला घालू नये. थोड्या शेळ्यांसाठी पन्नास किलोच्या पिशव्या बऱ्या, कारण उघडलेली पिशवी तीन-चार दिवसांत संपली पाहिजे.

पोट भरणे आणि पोसणे यांतही फरक आहे. नुसत्या कडब्यावर आणि नेपिअरवर शेळी जगते, पण पिल्लू वजन धरत नाही. म्हणून उन्हाळ्यातले थोडे पाणी आधी लसूणघासेला द्यावे. बांधावर शेवरी असेल तर तिचा पाला उन्हाळ्यात फार कामाला येतो. तुरीचे भुसकट मिळाले तर सोडू नये.

बारा की दहा?

सगळे आकडे चांगल्या पावसाच्या वर्षाचे आहेत. २०१८ साली पावसाने दगा दिला आणि २०१९ च्या उन्हाळ्यात आमच्या जिल्ह्यात चारा छावण्या लागल्या. त्या मुख्यतः गाई, बैल, म्हशींच्या होत्या. शेळीवाल्याला आपली सोय आपणच पाहावी लागली. तसे वर्ष आले तर माळाचा आकडा निम्म्यावर येतो आणि विहीर मार्चलाच तळ दाखवते. म्हणून आम्ही १० शेळ्या कायमच्या ठेवल्या आणि मुरघास मात्र बारांचा करतो. वर्ष चांगले गेले तर जुन्या पिशव्या शिल्लक राहतात. तोंड नीट बंद असेल तर त्या पुढच्या वर्षीही चालतात.

पावसाळ्यातला उरलेला चारा वाया घालवायचा नसेल तर शेळ्या वाढवू नयेत, फिरती जनावरे आणावीत. मुरघास भरून झाल्यावरही आमच्याकडे पावसाळ्यात साधारण ८५० किलो उरतात. जुलैत घेतलेले पंधरा-वीस किलोचे बोकडाचे पिल्लू चार महिन्यांत सुमारे ८५ किलो कोरडा चारा खाते. म्हणजे दहा पिल्ले घ्यावीत, नोव्हेंबरच्या सुरुवातीला विकून मोकळे व्हावे. दुकानात कायमचा माल आणि हंगामी माल आपण वेगळा धरतो, तसेच.

येथे बकरी ईदचा प्रश्न येतो, आणि तो आपल्या लोकांनी नीट पाहावा. चांद्र वर्षामुळे ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. २०२५ साली ती ७ जूनला आली. म्हणजे ईदसाठी राखलेला बोकड मार्च, एप्रिल आणि मे हे तिन्ही टंचाईचे महिने आपल्या गोठ्यात काढतो. त्या शंभरएक दिवसांत तो रोजच्या १.१ किलोप्रमाणे सुमारे १०८ किलो खातो, बरोबर शेळीच्या २१६ चा निम्मा. ईदसाठी दोन बोकड राखले की एका शेळीची जागा गेली. दहा बोकड राखायचे असतील तर पाच शेळ्या कमी करा, किंवा तितका कडबा फेब्रुवारीत, सुगीच्या भावात, घेऊन ठेवा आणि त्याची किंमत बोकडाच्या अंगावर लिहा. ईदच्या बाजारातला भाव पाहून नफा धरणारे हा कडबा विसरतात.

२०३० च्या सुमारास ईद एप्रिलच्या मध्यावर येईल आणि त्यानंतर ती मार्च-फेब्रुवारीकडे सरकेल. तेव्हा बोकड टंचाई सुरू होण्याआधीच विकला जाईल आणि याच जमिनीवर ईदचे जास्त बोकड बसतील. म्हणून हा हिशोब एकदा करून भिंतीला चिकटवण्याचा नाही, दरवर्षी नवा करावा लागतो.

आमची वही दरवर्षी दोनदा उघडते. एकदा सप्टेंबरच्या अखेरीस, माळावर चौकट टाकून झाल्यावर, आणि एकदा फेब्रुवारीच्या अखेरीस, कडब्याच्या पेंढ्या मोजून आणि विहिरीत दोर सोडून पाणी पाहिल्यावर. फेब्रुवारीतला आकडा कमी आला तर जास्तीच्या शेळ्या त्याच आठवड्यात बाजारात जातात, कारण तेव्हा त्या अंगाने भरलेल्या असतात आणि भावही मिळतो. मे महिन्यात त्याच शेळ्या हाडांच्या भावाने द्याव्या लागतात. गेल्या दोन उन्हाळ्यांत आम्हाला कडबा विकत घ्यावा लागला नाही. भाचा आता नवे भागीदार विचारायला आले की शेळीची जात सांगत नाही, आधी त्यांना विचारतो, "तुमच्या विहिरीत मे महिन्यात पाणी किती असतं?"